बाईंची चिठ्ठी

मुलाला लांबचं नीट दिसत नाही, हे घरच्यांच्या आधी शाळेच्या लक्षात येतं. यात आईवडिलांच्या हलगर्जीपणाचा भाग फार थोडा असतो. घरात मुलाला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी हाताच्या अंतरावर असतात. ताट समोर असतं, मोबाइल हातात असतो, टीव्ही नीट दिसला नाही तर मूल सरकत सरकत पुढे जातं आणि त्यासाठी ओरडा खातं. वीस फुटांवरची बारीक अक्षरं वाचायची वेळ घरी येतच नाही. कानांचंही तसंच आहे. आई स्वयंपाकघरातून हाक मारते ती मोठ्याने, आणि उत्तर आलं नाही तर दुसऱ्यांदा आणखी मोठ्याने. वर्गात मात्र पस्तीस मुलांच्या कुजबुजीत, पंख्याच्या घरघरीत, फळ्याकडे तोंड करून बोललेलं एकच वाक्य एकदाच ऐकू येतं.

मूल स्वतःहून तक्रार करील असंही नाही. ज्याला पहिल्यापासून फळा पुसटच दिसत आला, त्याला वाटतं की फळा असाच दिसतो. इतरांना तो कसा दिसतो हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून बघायचं ते मूल काय सांगतं याकडे नव्हे, तर ते काय करतं याकडे.

चौथीतली एक मुलगी कल्पू. तिला पूर्वा म्हणू. अभ्यासात बरी, पण या वर्षी गणितात चुका वाढल्या. बाई फळ्यावर लिहायला लागल्या की ती डोळे बारीक करते, मान जराशी वळवते आणि थोड्या वेळाने शेजारणीच्या वहीत डोकावते. बाईंनी दोनदा दटावलं. तिसऱ्यांदा दटावण्याऐवजी त्यांनी तिची वही घरी नेली.

डोळे बारीक करणं ही मुलांनी स्वतःच शोधून काढलेली युक्ती आहे आणि ती खरंच चालते. नंबर असलेल्या डोळ्यात प्रकाशाचे किरण पडद्यावर नेमके एका बिंदूत जुळत नाहीत. प्रत्येक बिंदूचा एक छोटा पुसट ठिपका होतो आणि असे ठिपके एकमेकांत मिसळून चित्र धूसर होतं. पापण्या जवळ आणल्या की वरून आणि खालून येणारे किरण अडतात, ठिपका उभ्या दिशेने चपटा होतो आणि चित्र थोडं सुधारतं. डोळ्यांचे डॉक्टर हेच जास्त काटेकोरपणे करतात. एका काळ्या चकतीला सुमारे एक मिलिमीटरचं भोक असतं, त्यातून मुलाला तक्ता वाचायला लावतात. भोकातून जास्त ओळी वाचता आल्या तर बहुधा चष्म्याने काम होणार, आणि काहीच फरक पडला नाही तर कारण दुसरीकडे शोधायला हवं. डोळे बारीक करून ज्या मुलाला चांगलं दिसतं, त्याचा डोळा चष्म्याने सुधारण्याची आशा त्यामुळेच मोठी असते.

पापण्यांच्या या फटीला एक मर्यादा आहे. ती आडवी असते, त्यामुळे पुसटपणा वर-खाली कमी होतो पण डावी-उजवीकडे तसाच राहतो. आपल्या लिपीत याचा परिणाम गमतीदार होतो. आडवी शिरोरेखा ठळक दिसते, पण शिरोरेखेत जिथे लहानशी फट सोडलेली असते ती बुजून जाते. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ या जोड्या बऱ्याच अंशी त्या फटीवरूनच ओळखायच्या असतात. फट बुजली की ‘ध’चा ‘घ’ होतो आणि ‘भ’चा ‘म’. उलट दिशेची चूक सहसा होत नाही, कारण नसलेली फट पुसट नजरेला दिसत नाही. शब्द ओळखीचा असेल तर मूल अंदाजाने बरोबर लिहितं. ‘धरण’चं ‘घरण’ कुणी करणार नाही. म्हणून चुका शोधायच्या त्या नवख्या गावांच्या नावांत, नव्या पाठातल्या शब्दांत आणि सगळ्यांत आधी आकड्यांत. आकड्यांना मागचा-पुढचा संदर्भ नसतो, तिथे अंदाज चालत नाही.

पूर्वाच्या वहीत बाईंना नेमकं हेच सापडलं. फळ्यावर ४९ + २७ असं गणित होतं. पूर्वाने ४१ + २७ लिहिलं होतं आणि उत्तर ६८ काढलं होतं. उत्तर तिच्या गणिताचं अगदी बरोबर, फक्त गणित दुसरंच. बाईंनी त्या दिवशी उत्तर पाहिलं, फुली मारली आणि पुढची वही घेतली. चाळीस वह्या तपासताना वरची ओळ कोण बघतं? आता त्यांनी त्याच आठवड्यात पाठ्यपुस्तकातून उतरवलेली गणितं पाहिली. तिथे एकही आकडा बदलला नव्हता. श्रुतलेखनही स्वच्छ होतं. म्हणजे मुलीला गणित येतं, ऐकू येतं, लक्षही आहे. चूक होते ती फक्त फळा आणि वही यांच्या मधल्या अंतरात.

या तीन प्रकारच्या वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहणं हे शिक्षकाच्या हातातलं सगळ्यांत उपयोगी साधन आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही. फळ्यावरून उतरवलेलं चुकतं, पुस्तकातून उतरवलेलं आणि ऐकून लिहिलेलं बरोबर असतं, तेव्हा डोळ्यांकडे बोट जातं. श्रुतलेखन चुकतं आणि उतरवलेलं दोन्हीकडे बरोबर असतं, तेव्हा कानांकडे. तिन्हीकडे सारखंच चुकत असेल तर प्रश्न बहुधा वाचन-लेखनाचाच आहे. तरीही डोळे-कान आधी तपासून घ्यावेत, कारण ते तपासणं सोपं आहे आणि ते बाजूला सारल्याशिवाय पुढचं काही ठरवता येत नाही.

वहीनंतर पुढची पायरी वर्गातच करता येते. शाळांमधल्या डोळे तपासणीत वापरतात तो इंग्रजी ‘ई’ अक्षराचा तक्ता बहुतेक शिक्षकांनी पाहिलेला असतो. ‘ई’ची तीन बोटं वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे वळलेली असतात आणि मुलाने आपल्या हाताने ती दिशा दाखवायची असते. अक्षर यायची गरज नाही, म्हणून पहिलीतल्या मुलालाही हे जमतं. अंतर ६ मीटर, म्हणजे सुमारे वीस फूट. ते पावलांनी न मोजता टेपने मोजावं. ६ मीटरवरून ६/९ या ओळीतला ‘ई’ साधारण १३ मिलिमीटर उंच असतो. ६/९ चा अर्थ असा की चांगल्या नजरेचा माणूस जे ९ मीटरवरून ओळखतो, ते या मुलाला ६ मीटरवरून ओळखता येतं. तेवढंही जमत नसेल तर मुलाला डॉक्टरांकडे पाठवावं.

इथे चुका कुठे होतात तेही सांगायला हवं. तक्ता खिडकीच्या बाजूला टांगला तर चकाकीने चांगल्या डोळ्यालाही दिसत नाही. मुलं रांगेत उभी केली तर मागच्या मुलाला पुढच्याची उत्तरं पाठ होतात. दिशा चारच असल्यामुळे नुसत्या अंदाजानेही चारात एक उत्तर बरोबर येतं, म्हणून कार्ड फिरवून तीन-चारदा विचारावं. आणि मुलं तिथेही डोळे बारीक करतात. “डोळे मोठे ठेव बाळा, नाही दिसलं तर नाही म्हण,” असं सांगावं लागतं, कारण मुलाला ही परीक्षा वाटते आणि परीक्षेत पास व्हायचं असतं.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे एकेक डोळा वेगळा तपासायचा. दुसरा डोळा बोटांनी झाकला तर मूल फटीतून बघतं, तळहाताची वाटी करून झाकायला सांगावं. डोळा दाबायचा नाही. पूर्वाने दोन्ही डोळ्यांनी ६/९ वाचलं. उजव्या डोळ्याने वाचलं, दोनदा अडखळून. डाव्या डोळ्याने मात्र तिला त्याच्या दुप्पट मोठी खूणसुद्धा ओळखता आली नाही, आणि ती बाईंकडे बघून हसली, कारण डाव्या डोळ्याने आपल्याला इतकं कमी दिसतं हे तिलाही आत्ताच कळलं होतं.

एक डोळा कमजोर असलेलं मूल कित्येकदा डोळे बारीकही करत नाही. चांगला डोळा सगळं काम ओढतो, धावणं, वाचणं, सायकल चालवणं व्यवस्थित चालतं, डोळा दिसायलाही साधा सरळ असतो. पण मेंदूला त्या डोळ्याकडून सतत पुसट चित्र आलं की तो ते चित्र वापरणंच सोडून देतो. याला डॉक्टर ‘आळशी डोळा’ म्हणतात. पुढे चष्मा लावला तरी त्या डोळ्याची नजर लगेच पूर्ण येत नाही. मग चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावून कमजोर डोळ्याला कामाला लावावं लागतं. हा उपचार सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाला तर फरक लवकर पडतो. त्यानंतरही पडतो, पण सावकाश आणि कमी. चिठ्ठी या महिन्यात लिहायची की परीक्षा झाल्यावर, असा प्रश्न पडलाच तर त्याचं उत्तर इथे आहे.

आता चिठ्ठी. घाईत लिहिलेली चिठ्ठी साधारण अशी असते: “आपल्या पाल्याचे अभ्यासात लक्ष नाही. तिला चष्म्याची आवश्यकता आहे. तरी त्वरित डोळे तपासून घ्यावेत.” पहिल्या वाक्याने पोरीला घरी मार बसण्याची सोय झाली. दुसऱ्यात बाईंनी डॉक्टरांचं काम करून टाकलं. तिसऱ्यात कुठे जायचं, कधी जायचं, काय सांगायचं, यातलं काहीच नाही. पालक चिठ्ठी घेऊन गावातल्या चष्म्याच्या दुकानात जातात आणि मशीनवर आलेला नंबर घेऊन परत येतात.

पूर्वाच्या बाईंनी लिहिली ती अशी:

“सस्नेह नमस्कार. पूर्वा वर्गात मन लावून काम करते. गेल्या काही दिवसांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती तुम्हाला कळवावी म्हणून लिहिते आहे. फळ्यावरचं वाचताना ती डोळे बारीक करते. फळ्यावरून उतरवलेल्या गणितांत तिचे आकडे बदलतात, पुस्तकातून उतरवलेल्या गणितांत बदलत नाहीत. गणितं ती बरोबर सोडवते. सोमवारी मी तिला वीस फुटांवरून तक्त्यावरची खूण दाखवली. उजव्या डोळ्याने तिने ओळखली, डाव्या डोळ्याने ओळखता आली नाही.

हे कशामुळे होतं ते मला सांगता येणार नाही, ते डॉक्टर तपासून सांगतील. येत्या दोन-तीन आठवड्यांत तिचे डोळे डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत, ही विनंती. ग्रामीण रुग्णालयात डोळ्यांची तपासणी कोणत्या वारी असते ते मी विचारून ठेवलं आहे, वार खाली लिहिला आहे. जाताना ही चिठ्ठी बरोबर न्या. तोवर मी तिला पुढच्या बाकावर बसवते आहे. काही विचारायचं असेल तर शाळा सुटल्यावर फोन करा.”

खाली वार, बाईंची सही आणि कापून परत पाठवायची एक पट्टी: तपासणी झाली का, डॉक्टरांनी काय सांगितलं, पुन्हा कधी बोलावलं.

या चिठ्ठीत निदान कुठेच नाही, फक्त पाहिलेलं आहे. ‘डोळे बारीक करते’ हे कुणीही उद्या घरी बघू शकतं, त्यावर वाद होत नाही. ‘नजर कमजोर आहे’ यावर होतो. ‘गणितं ती बरोबर सोडवते’ हे वाक्य कौतुकासाठी घातलेलं नाही. घरी दोष मुलीच्या माथी जाऊ नये म्हणून ते आहे. आणि डाव्या-उजव्या डोळ्याचा उल्लेख पालकांपेक्षा डॉक्टरांना उपयोगी पडतो. बाह्यरुग्ण विभागात एका मुलाच्या वाट्याला थोडीच मिनिटं येतात. पूर्वा तिथे बावरून गप्प बसली तरी चिठ्ठी बोलते.

चिठ्ठी बंद पाकिटात द्यावी. गृहपाठाच्या वहीत लिहिली की मधल्या सुट्टीत वर्गभर होते, आणि मग चष्मा यायच्या आधीच ‘चष्मिस’ हे नाव येतं. पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर तर कधीच टाकू नये. आईवडिलांना वाचता येत नसेल तर चिठ्ठी डॉक्टरांसाठी द्यावी आणि मजकूर तोंडी सांगावा. बीड, अहिल्यानगरकडच्या कितीतरी शाळांत दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला गेलेले असतात आणि मूल आजीजवळ असतं. तिथे “आजी, तुम्हाला नेणं जमेल का, की दुसरं कुणी नेईल?” हे आधी विचारावं. जमणार नसेल तर शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाची तारीख काढावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, त्याचा प्रारंभ आपल्याच पालघरला झाला होता. त्यातली पथकं सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाड्यांत दोनदा तपासणीला जातात. नजर आणि ऐकणं या दोन्ही गोष्टी त्यांच्या यादीत आहेत आणि पुढची तपासणी-उपचार मोफत असतात. पण पथक नुकतंच येऊन गेलं असेल तर पुढच्या वर्षाची वाट बघण्यात अर्थ नाही.

चिठ्ठी मिळाल्यावर घरी जे बोललं जातं, त्याची तयारी बाईंनी ठेवावी. “एवढ्यात चष्मा लावला तर नंबर वाढत जाईल,” हे पहिलं. नंबर वाढतो हे खरं, पण तो वाढतो मुलाबरोबर डोळ्याचा गोलकही वाढतो म्हणून. मुलाची उंची जशी सदऱ्यामुळे वाढत नाही, तसा चष्म्यामुळे नंबर वाढत नाही. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊनही तो वाढायचा थांबत नाही. “मुलगी आहे, पुढे लग्नाला अडचण,” हे दुसरं, आणि ते सहसा बाईंसमोर बोललं जात नाही. त्यावर माझ्या मते वाद घालू नये. आळशी डोळ्याची गोष्ट सांगावी. चष्मा आज ना उद्या बदलता येतो, पण वापराविना मागे पडलेला डोळा नंतर चष्म्याने भरून निघत नाही, हे ऐकल्यावर बहुतेक घरं हलतात.

रुग्णालयात काय होणार तेही आधी सांगून ठेवलेलं बरं. मुलांचा नंबर काढताना डोळ्यात थेंब घालतात. मुलांच्या डोळ्यातलं भिंग फार लवचीक असतं आणि तपासणीच्या वेळी नकळत ताण देऊन नंबर खोटा दाखवतं. थेंबांनी तो ताण तात्पुरता ढिला पडतो आणि खरा नंबर मिळतो. चष्म्याच्या दुकानातल्या मशीनने नेमकं हेच सुटतं. पण थेंबांमुळे डोळ्याची बाहुली मोठी होते, उन्हात डोळे दिपतात आणि जवळचं पुसट दिसतं. काही थेंबांचा परिणाम एक-दोन दिवसांत जातो. अॅट्रोपिनचा मात्र आठवडा-दोन आठवडे राहू शकतो. हे माहीत नसलेली आई दुसऱ्या दिवशी शाळेत येते: “बाई, दवाखान्यात नेलं आणि पोरीला पुस्तकसुद्धा दिसेना!” त्या दिवसांत वाचनाचा आग्रह धरू नये. काही वेळा पक्का नंबर देण्यासाठी थेंब उतरल्यावर पुन्हा बोलावतात. ती दुसरी खेप चुकली की सगळं तिथेच अडकतं. परतीच्या पट्टीवर ‘पुन्हा कधी बोलावलं’ हा प्रश्न त्यासाठीच आहे.

कानांची गोष्ट जरा वेगळी, कारण कान रोज सारखे वागत नाहीत. पूर्वाच्याच वर्गातला एक मुलगा कल्पू. पावसाळ्यात सर्दी झाली, बरी झाली, पण त्यानंतर त्याला सांगितलेलं अर्धंच कळतं. “पान साठ काढा” म्हटलं की तो पान आठ काढतो. सूचना झाली की आधी इतरांकडे बघतो, मग ते करतात ते करतो, त्यामुळे नेहमी एक पाऊल मागे. समोरासमोर बोललं तर छान उत्तर देतो. चार दिवस नीट, चार दिवस असा. “मनात असलं की ऐकतो,” हा शेरा अशाच मुलांना मिळतो.

लहान मुलांत याचं सगळ्यांत नेहमीचं कारण म्हणजे पडद्यामागे साचलेलं पाणी. नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत एक नळी जाते, ती तिथली हवा खेळती ठेवते. मुलांत ती आखूड आणि जास्त आडवी असते, सर्दीत सुजते, बंद पडते. मग पडद्यामागे घट्टसर द्रव साठतो आणि पडदा मोकळेपणी हलत नाही. कान दुखतोच असं नाही, वाहतही नाही. बोटं कानात घालून ऐकावं तसं सगळं दबून येतं. स्वर मोठे असतात, ते पोचतात. ‘स’, ‘फ’, ‘थ’, ‘प’ यांसारखे हलके आवाज आणि शब्दांचे शेवट हरवतात. श्रुतलेखनात ‘साप’चं ‘थाप’ होतं, ‘शाळेस’चं ‘शाळे’ राहतं. एक सावधगिरी मात्र हवी: ‘पाणी’चं ‘पानी’ किंवा ‘शाळा’चं ‘साळा’ ही घरची बोली असते, ते कानाच्या खात्यात मांडायचं नाही.

वर्गात एक ढोबळ चाचणी करता येते. मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभं राहायचं, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. एका कानापुढचा कोवळा उंचवटा त्यालाच बोटाने हलकेच चोळायला लावायचा, म्हणजे तो कान बाजूला पडतो. मग श्वास सोडून झाल्यावर, उरलेल्या हवेत कुजबुजून तीन गोष्टी म्हणायच्या, जसं ‘चार, कमळ, सात’, आणि त्याने त्या परत सांगायच्या. नंतर दुसऱ्या कानाला वेगळे शब्द. शांत खोलीत, दोन प्रयत्नांतही तीनांतले दोन सांगता आले नाहीत तर चिठ्ठी लिहावी. या चिठ्ठीत तारखा हव्यात: कोणत्या दिवशी ऐकू आलं नाही, तेव्हा सर्दी होती का, कोणत्या बाजूने हाक मारली तर वळतो. झोपेत घोरतो का, तोंडाने श्वास घेतो का, हे घरच्यांना डॉक्टरांकडे सांगायला सुचवावं, कारण नाकामागची वाढलेली गाठ हेही कारण असू शकतं. आणि एक ओळ अवश्य: तपासणी होईपर्यंत कानात गरम तेल घालू नये, काडीने मळ काढू नये.

कान-नाक-घसा तज्ज्ञ आधी दुर्बिणीने कानात बघतील. कधी कधी नुसता मळाचा बोळा निघतो आणि प्रश्न तिथेच मिटतो. नाहीतर कानाला मऊ बूच लावून हवेचा दाब किंचित कमी-जास्त करतात आणि पडदा हलतो का याचा आलेख काढतात. पडद्यामागे द्रव असेल तर आलेखाची टेकडी होत नाही, सपाट रेष येते. मग हेडफोन लावून बारीक-बारीक आवाज ऐकवतात आणि ऐकू आला की मुलाने बोट वर करायचं. द्रव सापडला तरी बऱ्याचदा डॉक्टर लगेच काही करत नाहीत, तीन महिन्यांनी परत बोलावतात. कारण बहुतेक मुलांत तो एवढ्या काळात आपोआप ओसरतो. पालकांना यात फसवल्यासारखं वाटतं: “गेलो, आणि औषधसुद्धा दिलं नाही.” ते तीन महिने हा उपचाराचाच भाग आहे, हे त्यांना सांगायचं काम पुन्हा बाईंकडेच येतं. तीन महिन्यांनीही ऐकू कमी येत असेल तर पडद्यात एक अगदी बारीक नळी बसवण्याचा विचार होतो.

ते तीन महिने मुलाला पुढे, खिडकी-पंख्यापासून दूर बसवावं. एक कान बरा असेल तर तो कान बाईंकडे येईल असं. बोलताना फळ्याकडे तोंड करू नये आणि “कळलं का?” असं विचारू नये. त्याला उत्तर “हो” असंच येतं. “आता काय करायचं आहे, सांग बरं,” असं विचारावं.

वर्गातल्या या चाचण्यांत पास झालेल्या मुलाचं सगळं ठीकच आहे, असं मात्र नाही. ज्यांना जवळचं बघायला ताण पडतो अशी मुलं वीस फुटांवरचं झकास वाचतात आणि पुस्तक वाचून डोकं दुखतं म्हणतात. त्यांनाही तपासणीला पाठवायला हवं. आणि काही गोष्टी चिठ्ठीची वाटच बघत नाहीत. डोळ्याच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली, डोळा नव्यानेच तिरळा दिसू लागला, नजर एकाएकी कमी झाली, किंवा कान वाहतो आहे आणि सोबत ताप किंवा कानामागे सूज आहे, तर त्याच दिवशी फोन करावा.

पूर्वाचा चष्मा आला, तरी तो डब्यात राहून दप्तरात फिरेल. घातला तरी पहिले काही दिवस फरशी तिरकी वाटते, पाय अडखळतो. दोन डोळ्यांच्या नंबरांत फार फरक असेल तर हे जरा जास्त होतं. पट्टी लावायला सांगितली असेल तर ती शाळेत लावायची की घरी, हे डॉक्टरांना विचारून घ्यावं, कारण चांगला डोळा झाकून फळ्यावरचं उतरवायला लावणं म्हणजे पुन्हा ४९चे ४१. परतीची पट्टी दोन आठवड्यांत आली नाही तर बाईंनी दुसरी चिठ्ठी लिहावी, पहिलीइतक्याच सौम्य शब्दांत, आणि या वेळी “जाण्यात काही अडचण आहे का?” एवढं विचारावं. वर्ष संपताना पूर्वाच्या नोंदीत चष्म्याची तारीख, कोणता डोळा आणि पुढची तपासणी कधी हे तीन शब्दांत लिहून ठेवावं. पाचवीला वर्गशिक्षक बदलतात, कित्येकदा शाळाही बदलते.